खात्यात पैसे होते, तरी सौदे कापले: बाजार भडकला की ऑप्शन विकणाऱ्याचं काय होतं

बाजार एका दिवसात जोरात हलला की ऑप्शन विकणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "माझा अंदाज चुकला नव्हता. मी विकलेल्या स्ट्राइकपर्यंत बाजार आलासुद्धा नाही. खात्यात पैसे शिल्लक होते. तरी ब्रोकरने माझे सौदे दुपारीच कापून टाकले, तेही सगळ्यात वाईट भावाला. दोन दिवसांनी बाजार सावरला, पण तोवर माझ्याकडे काही उरलंच नव्हतं."

या तक्रारीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी असू शकते. ब्रोकरने लबाडी केलेली नसते आणि त्या माणसाचा अंदाजही चुकलेला नसतो. तरीही तोटा होतो. कारण ऑप्शन विकणाऱ्याचं खातं दोन बाजूंनी दाबलं जातं. एका बाजूला तोटा वाढतो, तर दुसऱ्या बाजूला खात्यात किती पैसे असायला हवेत ती अटच वाढते. बहुतेक लोक फक्त पहिल्या बाजूकडे लक्ष ठेवतात.

एकच उदाहरण धरून हे शेवटपर्यंत बघू. पैसे कुठल्याही चलनात न मोजता "पॉइंट"मध्ये मोजू, म्हणजे हिशेब सरळ राहील.

## विकणारा नेमकं काय विकतो

समजा एक निर्देशांक 10000 वर आहे. तुम्ही 9500 च्या स्ट्राइकचा पुट ऑप्शन विकला, आणि त्याची मुदत 30 दिवसांनी संपते. निर्देशांक 9500 च्या खाली गेला तर जितका खाली जाईल तितकी भरपाई मी देईन, असं वचन तुम्ही समोरच्याला दिलंत. त्या वचनाबद्दल आज तुम्हाला सुमारे 30 पॉइंट मिळाले. हाच प्रीमियम.

तुम्ही इथे विमा कंपनीच्या जागी आहात. हप्ता आधी मिळतो, दावा आलाच तर नंतर भरायचा. बहुतेक महिन्यांत दावा येत नाही, म्हणून हा धंदा सोपा वाटतो.

प्रीमियम किती असेल ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: निर्देशांक स्ट्राइकपासून किती दूर आहे, मुदत किती उरली आहे, आणि पुढे किती चढउतार होतील असं बाजाराला वाटतं. या तिसऱ्या गोष्टीला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात. ती वर्षाच्या टक्क्यांत सांगतात. आपण तिला "अपेक्षित चढउतार" म्हणू. आपल्या पुटमध्ये ती 16 टक्के आहे.

## मार्जिन म्हणजे अनामत, पण ठरावीक रकमेची नव्हे

वचन पाळायला तुमच्याकडे पैसे आहेत ना, याची खात्री म्हणून जी रक्कम अडकवून ठेवावी लागते ती मार्जिन. बऱ्याच जणांच्या डोक्यात ती घरभाड्याच्या अनामतीसारखी बसलेली असते: एकदा दिली की विषय संपला. गैरसमजाची सुरुवात इथेच होते.

मोठ्या बाजारांत मार्जिन काढायची जी पद्धत रुळली आहे तिचं नाव स्पॅन. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने ती 1988 मध्ये आणली, आणि नंतर जगभरच्या अनेक बाजारांनी ती किंवा तिच्यासारखी पद्धत स्वीकारली. कल्पना साधी आहे. उद्या काय काय होऊ शकतं याच्या 16 कल्पित परिस्थिती घ्यायच्या. भाव थोडा वर, बराच वर, थोडा खाली, बराच खाली; प्रत्येक वेळी अपेक्षित चढउतार वाढलेला आणि कमी झालेला; आणि शेवटी दोन अगदी टोकाच्या उड्या. प्रत्येक परिस्थितीत तुमच्या सौद्यांचा किती तोटा होईल ते काढायचं आणि सगळ्यात वाईट आकडा धरायचा.

फक्त ऑप्शन विकलेल्या माणसासाठी याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: सगळ्यात वाईट कल्पित परिस्थितीत तुमचा ऑप्शन परत विकत घ्यायला जितके पैसे लागतील, तितके आज खात्यात असले पाहिजेत. काही बाजार आणि ब्रोकर यावर आणखी भर घालतात, पण गाभा हाच.

आपल्या उदाहरणात क्लिअरिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे प्रत्येक सौद्याची हमी घेणाऱ्या संस्थेने, असं धरलंय की निर्देशांक 5 टक्के पडेल आणि अपेक्षित चढउतार 16 वरून 20 वर जाईल. त्या परिस्थितीत निर्देशांक 9500 वर असेल आणि आपला पुट सुमारे 217 पॉइंटांचा होईल. म्हणून एका पुटमागे 217 पॉइंट लागतात.

तुमच्याकडे 4000 पॉइंट होते. तुम्ही असे 10 पुट विकले. प्रीमियमचे 300 आले, एकूण रोख 4300. अट 2170 ची. म्हणजे निम्मं खातं मोकळं. स्क्रीनवर निम्मी रक्कम "उपलब्ध" दिसते आणि आपण सावध आहोत असं मनापासून वाटतं.

## भडका उडतो तेव्हा

दोन दिवसांनी निर्देशांक 3 टक्के पडून 9700 वर येतो. तुमचा स्ट्राइक अजून 200 पॉइंट खाली आहे. नुसत्या या पडझडीने पुटचा भाव 30 वरून सुमारे 88 झाला असता. त्रास होतो, पण सोसता येतो.

पण पडझडीच्या दिवशी लोक घाबरून विमा शोधतात, म्हणजे पुट विकत घ्यायला धावतात. अपेक्षित चढउतार 16 वरून 28 वर जातो. आता त्याच पुटचा भाव सुमारे 208 होतो. 30 वरून 208 पर्यंतच्या वाढीत निर्देशांक पडल्याचा वाटा 58 पॉइंटांचा, आणि भीती वाढल्याचा 120 चा. नुकसानीचा दोन तृतीयांश भाग बाजाराच्या दिशेमुळे आलेलाच नाही. निर्देशांक जागचा हलला नसता आणि फक्त अपेक्षित चढउतार 28 झाला असता, तरीसुद्धा पुट सुमारे 115 वर गेला असता.

असं खरोखर होतं. 5 फेब्रुवारी 2018 ला अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक सुमारे 4 टक्के पडला, आणि त्याच दिवशी अपेक्षित चढउतार मोजणारा व्हिक्स 17.31 वरून 37.32 वर गेला. भाव 4 टक्के हलला, भीती दुप्पट झाली. ऑप्शन विकून कमावणाऱ्या एका अमेरिकन म्युच्युअल फंडाचं सुमारे 80 टक्के मूल्य दोन दिवसांत गेलं.

आता मार्जिनकडे या. ते दोन टप्प्यांत वाढतं.

पहिला टप्पा आपोआप येतो. नियम तोच ठेवा: 5 टक्के पडझड आणि चढउतारात 4 ची वाढ. पण आता सुरुवातच 9700 आणि 28 पासून होते. कल्पित परिस्थितीत निर्देशांक 9215 वर आणि चढउतार 32 वर, म्हणजे पुट सुमारे 492 पॉइंटांचा. नियमाला कोणी हात लावला नाही, तरी अनामत 217 वरून 492 झाली.

दुसरा टप्पा क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या निर्णयाचा. एका दिवसात 3 टक्के पडलेला बाजार उद्या फार तर 5 टक्केच पडेल, हे गृहीतक आता तिला पुरेसं वाटत नाही. समजा तिने पडझडीची मर्यादा 8 टक्के केली आणि चढउतारातली वाढ 8 केली. नवी कल्पित परिस्थिती: निर्देशांक 8924, चढउतार 36. पुट सुमारे 724 चा.

217 वरून 724. दहा पुटांना 7240 लागणार, आणि खात्यात रोख आहे 4300.

इथे एक क्षण थांबा, कारण लेखाचा सगळा मुद्दा याच आकड्यांत आहे. दहाही पुट आत्ता 208 ला परत घेतले तर 2080 जातील आणि 2220 उरतील. मूळ 4000 पैकी निम्म्याहून जास्त पैसे अजून तुमचेच आहेत. तुम्ही बुडालेले नाही. तरी तुम्हाला 2940 पॉइंट कमी पडताहेत. खातं अडकलं ते झालेल्या तोट्यामुळे नाही, होऊ शकणाऱ्या तोट्याचा अंदाज बदलल्यामुळे. विमा कंपनीशी ताडून बघायचं तर वादळ किनाऱ्यावर अजून आलेलं नाही, दावा एकही नाही, पण ते समुद्रात दिसल्याबरोबर राखीव निधी तिपटीहून जास्त हवा असं सांगितलं गेलंय. आणि तोही आजच.

## कापाकापी कशी होते

ब्रोकरचा निरोप येतो: इतकी रक्कम भरा किंवा सौदे कमी करा. मुदत कधी दुसऱ्या सकाळपर्यंत असते, कधी तासाभराची. कधी निरोपाआधीच सौदे कापलेले असतात, कारण खातं उघडताना सही केलेल्या करारात बहुधा तशी मुभा ब्रोकरला दिलेली असते. नंतर भांडून उपयोग होत नाही.

किती पुट कापावे लागतील? एक पुट परत घेतला की 208 रोख जातात आणि 724 ची अट सुटते. निव्वळ मोकळीक 516 ची. कमी पडताहेत 2940. भागाकार केला की 5.7 येतं, म्हणजे सहा पुट.

पण 208 हा स्क्रीनवरचा, मधला भाव आहे. अशा दिवशी ऑर्डर बुक उघडून बघितलं तर घेणारा 160 ला उभा असतो, विकणारा 260 ला, आणि 260 लासुद्धा दोनच पुट मिळतात. शांत दिवशी हीच फट एखाद्या पॉइंटाची असते. भाव सांगणाऱ्यांनाही उद्याचा अंदाज येत नसतो, म्हणून ते दूर सरकून उभे राहतात. आणि नेमकं याच वेळी तुमच्यासारखीच अनामत कमी पडलेली शेकडो खाती तोच पुट विकत घ्यायला आलेली असतात. त्यांच्या खरेदीने भाव आणखी चढतो, त्यामुळे अपेक्षित चढउतार वाढतो, आणि त्यामुळे उरलेल्यांची अनामत वाढते. आग आपलंच सरपण गोळा करते.

सगळे पुट सरासरी 260 ला मिळाले असं धरू. आता एका पुटमागे मोकळीक 464 चीच. सहा पुरत नाहीत, सात कापावे लागतात. 1820 पॉइंट गेले, रोख 2480 उरली, आणि शिल्लक तीन पुटांना 2172 लागतात. खातं जेमतेम बसलं.

दुसऱ्या दिवशी निर्देशांक 9850 वर सावरतो, भीती ओसरून चढउतार 20 वर येतो, आणि 260 ला घेतलेला तोच पुट 80 ला मिळू लागतो. महिनाअखेरीस निर्देशांक 9500 च्या वरच बंद होतो. तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला. सौदे कापले गेले नसते तर 300 पॉइंट मिळाले असते. प्रत्यक्षात कापलेल्या सातांवर 230 प्रमाणे 1610 चा तोटा, उरलेल्या तिनांवर 90 चा फायदा, म्हणजे निव्वळ 1520 पॉइंट गेले.

## "तोटा तर कागदावरचाच होता, ब्रोकरने थांबायला काय हरकत होती?"

हा राग मला समजतो, पण साखळी बघा. तुमच्याकडून पुट विकत घेणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याला हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची आहे. ती पैसे तुमच्याकडे मागत नाही, ब्रोकरकडे मागते, आणि ब्रोकरला ते ठरल्या वेळेत भरावेच लागतात, तुम्ही भरा किंवा न भरा. निर्देशांक सावरण्याऐवजी आणखी 8 टक्के पडला असता तर तुमच्या दहा पुटांचं देणं 7240 झालं असतं आणि खात्यात होते 4300. उरलेले 2940 तुमच्याकडून वसूल होईपर्यंत ब्रोकरच्या खिशातून गेले असते. थांबण्याचा फायदा तुम्हाला आणि जोखीम त्याला, असा तो व्यवहार आहे. म्हणूनच कित्येक ब्रोकर बाजाराच्या अटीपेक्षा जास्त मार्जिन आधीपासूनच मागतात, आणि वादळी दिवशी ते आणखी वाढवतात.

## "मग मार्जिन आधीपासूनच जास्त का ठेवत नाहीत?"

हा प्रश्न जाणकारांनाही पडतो, आणि त्याचं उत्तर पूर्ण समाधान करणारं नाही. मार्जिन कायम जास्त ठेवलं तर शांत काळात सौदे करणं महाग होतं. कमी ठेवलं तर भडक्याच्या वेळी ते झपाट्याने वाढवावं लागतं आणि भडक्यात तेल पडतं. मार्च 2020 मध्ये व्हिक्स 82.69 वर बंद झाला तेव्हा जगभर मार्जिनच्या मागण्या एकदम फुगल्या, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियामकांनी याच मुद्द्याची तपासणी केली. मार्जिनला एक किमान पातळी ठेवणं, चढ हळूहळू करणं असे उपाय वापरात आहेत. त्यांनी उडी लहान होते, नाहीशी होत नाही. माझ्या मते विकणाऱ्याने ही उडी हवामानासारखी धरून चालावं.

## "मी स्टॉप लॉस लावतो"

स्टॉप लॉस ठरावीक भावाला सौदा होईल याची हमी देत नाही. तो भाव आला की ऑर्डर बाजारात जाते, एवढंच. आपला पुट काल संध्याकाळी 45 वर बंद झाला आणि आज सकाळी थेट 150 वर उघडला, तर 90 चा स्टॉप 150 च्या आसपास किंवा त्याहून वर पूर्ण होतो. किमतीची मर्यादा घातलेला स्टॉप असेल तर तो पूर्णच होत नाही आणि भाव पुढे निघून जातो.

## "मी कॉलही विकलाय, एक बाजू दुसरीला सांभाळते"

कॉल म्हणजे पुटच्या उलट वचन: निर्देशांक स्ट्राइकच्या वर गेला तर जितका वर जाईल तितकी भरपाई. निर्देशांक एका वेळी एकाच दिशेला जाऊ शकतो, म्हणून पुटच्या जोडीला कॉल विकला तर मार्जिन फारसं वाढत नाही. खरंच वाढत नाही, आणि म्हणूनच लोक आहे त्या पैशात जास्त सौदे करतात. पण कॉलकडून जास्तीत जास्त मिळणार काय? त्याचा प्रीमियम. 10500 चा कॉल 13 टक्के चढउताराला विकला तर सुमारे 17 पॉइंट मिळतात. समोर पुटचा तोटा आहे 178 चा. त्यातही भडक्यात कॉलचाही चढउतार वाढतो. तो 20 झाला तर निर्देशांक 3 टक्के पडूनही तो कॉल सुमारे 19 पॉइंटांचा असतो, म्हणजे विकला त्यापेक्षा महाग. ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी आधार द्यायला तो जागेवर नसतो.

## विकण्याआधी करायचा हिशेब

स्क्रीनवरचं "उपलब्ध" मार्जिन आजच्या शांततेत मोजलेलं असतं. बघायचा आकडा वेगळा आहे: निर्देशांक पडला, चढउतार भडकला, आणि त्यावर क्लिअरिंग कॉर्पोरेशनने मर्यादाही वाढवली, तर एका पुटमागे किती लागतील? ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरमध्ये बहुधा फक्त आजचा आकडा मिळतो. पण ऑप्शनची किंमत काढणारं कुठलंही साधन घेऊन वर केला तसा हिशेब पाच मिनिटांत होतो. आपल्या उदाहरणात उत्तर 724 आलं. 4000 पॉइंटांत, मिळणारा प्रीमियम धरून, पाच पुट बसतात. पाच पुट विकल्यावर आजच्या हिशेबाने खात्याचा जेमतेम चौथा हिस्सा वापरलेला दिसेल आणि बाकीचे पैसे रिकामे पडल्यासारखे वाटतील. ते रिकामे नाहीत, याच भडक्यासाठी ठेवलेले आहेत. आणि याहून मोठा भडका आला तर पाचसुद्धा जास्त ठरतील.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो, तो म्हणजे देणं आधीच बांधून घेणं. 9500 चा पुट विकताना त्याच मुदतीचा 9200 चा पुट विकत घ्या. त्याला सुमारे 11 पॉइंट लागतात, म्हणून हातात 30 ऐवजी 19 उरतात. पण निर्देशांक कुठेही गेला तरी मुदतीअखेर एका जोडीमागे 300 पेक्षा जास्त देणं लागत नाही. दहा जोड्यांचं सगळ्यात वाईट देणं 3000, आणि खात्यात आहेत 4190. चढउतार 28 होवो की 80, या देण्यापुरतं तुमचं खातं आधीच भरलेलं आहे. महिन्याची कमाई 300 वरून 190 वर येते. ही 110 पॉइंटांची किंमत मोठी आहे, पण वरच्या हिशेबातल्या 1520 शेजारी ठेवून बघा.

या जोडीत दोन ठिकाणी पाय घसरतो. विकत घेतलेल्या पुटची मुदत विकलेल्याच्या आधी संपत असेल, तर ज्या दिवशी तो संपतो त्या दिवशी खातं पुन्हा उघडं पडतं आणि अनामत एका रात्रीत उसळते. दुसरी चूक बाहेर पडताना होते. पडझडीत 9200 चा पुट फायद्यात दिसतो, हात आधी तिकडे जातो आणि तो विकला जातो. त्या क्षणी 300 ला बांधलेली अट पुन्हा 724 ची होते, आणि तुम्ही दुसरी ऑर्डर टाकेपर्यंत कापाकापी सुरू झालेली असू शकते. जोडीतून बाहेर पडताना विकलेला पुट आधी परत घ्यायचा, विकत घेतलेला त्यानंतर विकायचा. दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये जोडून टाकायची सोय असेल तर तीच वापरायची.